हजेरीची सही



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, अर्ज लिहून लिहून. तेव्हा आज विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची हकीकत आपण ऐकून घ्यावी, एवढीच विनंती. चूक कागदाची होती, आणि कागद हा तर आमचा धंदाच!

गोष्ट 2019 सालची, सोलापुरातली. विडी वळणाऱ्या बायकांच्या कामावर आम्ही अकरा मिनिटांचा व्हिडिओ केला. पान आणि तंबाखू घरी आणायची, हजार विड्या वळायच्या, माल परत नेऊन द्यायचा. तिथे तपासणारा काही विड्या खराब म्हणून बाजूला काढतो आणि त्यांचे पैसे कापले जातात. एका बाईने हे कापणे कसे चालते ते स्वतःच्या तोंडाने, चेहरा समोर ठेवून सांगितले. व्हिडिओ आम्ही यूट्यूबवर टाकला. चौथ्या दिवशी ती बाई कचेरीत आली. तपासणाऱ्याने तो व्हिडिओ मोबाइलवर पाहिला होता, आणि त्या दिवसापासून तिच्या मालातल्या खराब विड्या एकाएकी दुप्पट निघू लागल्या होत्या.

आम्ही म्हणालो, “बाई, तुमची तर सही आहे आमच्याकडे.” आणि फाइल काढून दाखवली. ती कागदाकडे बघत म्हणाली, “अण्णा, मला वाटलं ती हजेरीची सही.”

आता तो कागद कसा होता ते ऐका. वर मराठीत एकच ओळ : “खालील सही करणाऱ्यांची व्हिडिओस परवानगी आहे.” खाली तेवीस सह्या आणि अंगठे. हा कागद सभेत हातोहात फिरला. सभेत असा कागद फिरतो तो हजेरीचाच, हे आमच्या बायकांना पंधरा वर्षांत आम्हीच शिकवलेले! शिवाय ती बाई तेलुगू बोलणारी आणि वाचणारीही तेलुगूच. सोलापूरच्या पूर्व भागात असे कितीतरी लोक आहेत, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. सही खरी होती, परवानगी मात्र नव्हती.

व्हिडिओ आम्ही तासाभरात काढला. पण तोवर तो लोकांनी उतरवून घेऊन व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला होता. आमच्या खात्यावरची प्रत आम्ही पुसू शकत होतो. शेकडो मोबाइलांतली कशी पुसणार? नंतर कळले की टाकलेल्या व्हिडिओतला चेहरा धूसर करण्याची सोय यूट्यूबमध्येच आहे. ती सोय चांगली आहे, पण तीही आपल्या प्रतीपुरतीच. म्हणून परवानगीच्या कागदावर पहिल्यांदा जे लिहायला हवे ते हेच : तुम्ही केव्हाही नाही म्हणालात तर आम्ही आमच्याकडून काढू, पण बाहेर गेलेली प्रत परत आणता येणार नाही. ही ओळ लिहायला पुष्कळ संस्था कचरतात, कारण ती वाचून काही माणसे नाही म्हणतात. नाही म्हणतात, ते बरेच नाही का? सही करण्याआधीच म्हणतात.

कायदाही आता याच वाटेने आला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. संमतीची कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. त्यातल्या तीन गोष्टी आमच्या कामाच्या. संमतीची विनंती घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा माणसाला हवी. तेलुगू त्यात आहे. संमती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. आणि वाद झालाच, तर समजावून संमती घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर. म्हणजे आमचा तो तेवीस सह्यांचा कागद उद्या आमच्याच गळ्यात आला असता.

पुढच्या व्हिडिओच्या वेळी आम्ही माणशी एक कागद केला. तेलुगूत एक, मराठीत एक, आणि प्रत त्या बाईच्या घरी. त्यात चेहरा, आवाज आणि नाव यांना वेगवेगळ्या चौकटी ठेवल्या, कारण माणूस आवाज देईल पण नाव देणार नाही, असे नेहमी घडते. व्हिडिओ कुठे लावणार, तो कुणीही बघू शकेल की फक्त सभासद, आणि नको झाल्यास कुणाला कोणत्या नंबरवर फोन करायचा, हेही लिहिले. अंगठा असेल तिथे वाचून दाखवणाऱ्याची सही. हा वाचणारा युनियनचा पदाधिकारी नसावा, असे आम्ही ठरवले. पुढाऱ्यासमोर आमची बाई नाही म्हणत नाही. मालकाचा दाब आम्हाला लगेच दिसतो, स्वतःचा दिसायला वेळ लागला.

वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारायचा : “हा व्हिडिओ कोण कोण बघेल, तुम्हीच सांगा.” कुणी म्हणाली, “आपल्याच बायका,” तर समजावे की तिला कळलेले नाही, सही घेऊ नये, पुन्हा सांगावे. कुणी म्हणाली, “तपासणारा बघेल, माझा दीर बघेल, हैदराबादची माझी बहीण बघेल,” तर कागद पुढे करावा. ही परीक्षा कुठल्या पुस्तकात सापडली नाही, आम्ही ठेच लागून शिकलो.

आणखी एक सही आम्ही घेतो, तिला वेळ लागतो म्हणून तरुण कार्यकर्ते कुरकुरतात. पहिली सही चित्रण होण्यापूर्वी. दुसरी, जोडून तयार झालेला व्हिडिओ त्या बाईला दाखवल्यावर. “कधी कधी पैसे कापतात” या वाक्यातले “कधी कधी” जोडणाऱ्याने काढले तर बोलणे तिचे राहत नाही, आणि निस्तरायचे मात्र तिनेच. मागे खेळणारी पोरे दिसत असली तर तीही मोजायची : अठरा वर्षांखालच्यांसाठी आईबापांची संमती लागते, आणि ती मिळाली नाही तर तेवढा भाग कापायचा.

आता पहिल्या व्हिडिओतल्या त्या बाईबद्दल. दुसऱ्या वेळी ती आपणहून आली. चेहऱ्याच्या चौकटीत “नाही”, नावाच्या चौकटीत “नाही”, आवाजाच्या चौकटीत बराच विचार करून “नाही”. आम्ही म्हटले, मग राहिले काय? ती म्हणाली, हात घ्या. कागदावर हातांची चौकट नव्हती. ती आम्ही पेनाने आखली. चित्रण सुरू झाले, पान कापून झाले, आणि तिने कॅमेरा थांबवायला सांगितले. मनगटावर गोंदण होते. ते बघून तपासणारा तिला सहज ओळखता. तिने पदराची किनार मनगटाभोवती गुंडाळली, दोन विड्या वळून पाहिल्या, किनार सुटत नाही अशी खात्री केली, आणि म्हणाली, “आता घ्या, अण्णा.” तिची माहिती दुसरीच्या आवाजात वाचली गेली, त्या दुसरीच्या वेगळ्या कागदावर.

आज या मांडवातही चित्रण चालू आहे आणि हे भाषण पुढे सर्वांना बघायला मिळणार आहे, असे चिटणीसांनी सांगितले. आम्ही त्यांना विनंती केली होती, त्यानुसार प्रवेशद्वाराशी तशी पाटी लावली आहे, आणि डावीकडच्या शेवटच्या चार रांगा कॅमेऱ्याबाहेर ठेवल्या आहेत. ज्यांना दिसायचे नसेल त्यांनी आताच तिकडे जाऊन बसावे. तेवढा वेळ आम्ही थांबतो. प्रश्न विचारणाऱ्यांसाठी चिटणीसांच्या टेबलावर कागद आहेत, चौकटी नीट वाचून घ्या.