बोअरला मोटर घेताना
तायांनो, मागच्या बैठकीत विचारलंत, साधी मोनोब्लॉक बोअरवर चालेल का? ती वर बसून पाणी ओढते. 25 फुटांखालचं तिला ओढवत नाही. खालच्या टाकीतून गच्चीवर चढवायला ठीक. बोअरला पाण्यात बुडणारी सबमर्सिबलच घ्या.

आता हेड काढू. बोअर 200 फूट असली तरी मे महिन्यात पाणी 120 फुटांवर जात असेल, तर तेच धरा. गच्चीवरची टाकी 20 फूट, पाइपातल्या घर्षणाचे 15. झाले 155 फूट, म्हणजे 47 मीटर. दुकानदार ‘मॅक्सिमम हेड 50’ म्हणेल. 50 मीटरला थेंबही पडत नाही, 47 ला जेमतेम धार. तक्त्यात 47 मीटरपुढे तासाला किती लिटर ते बघा, एचपी त्यावरून ठरतो. आणि तालुक्यात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, आधी फोन लावा, मग पैसे द्या.