न दिलेल्या भाड्याची नोंद



आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. स्वतःच्या इमारतीचे भाडे आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज कोणालाही द्यावे लागत नाही. मग ते खर्च म्हणून धरायचे का? पाठ्यपुस्तके याचे उत्तर एका वाक्यात देतात: परिव्यय लेख्यांत धरतात, वित्तीय लेख्यांत धरत नाहीत, म्हणून ताळमेळ पत्रकात ते मिळवून घ्यायचे. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. कॉस्ट शीट हा निर्णयाचा कागद आहे, तर परिव्यय लेखे ही नावे-जमेची वही आहे. एकाच आकड्याला या दोन ठिकाणी दोन वेगळ्या वागणुकी द्याव्या लागतात, असे माझे म्हणणे आहे. काल्पनिक खर्च कॉस्ट शीटमध्ये उघडपणे, वेगळ्या ओळीत असावा. वहीत मात्र तो साठ्याच्या किमतीत मिसळू देऊ नये.

सुटे भाग बनवणारा एक लहान कारखाना डोळ्यांपुढे आणू. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. मालकाचे स्वतःचे भांडवल ६५ लाख रुपये आहे, त्यांतले २५ लाख शेडमध्ये आणि ४० लाख यंत्रे व खेळत्या भांडवलात गुंतले आहेत. वर्षाला २०,००० नग तयार होतात. कच्चा माल, मजुरी आणि मालकाचे वाजवी वेतन, शिवाय शेडचा घसारा व कर यांचे १ लाख, असा सगळा खर्च ५२ लाख, म्हणजे नगामागे २६० रुपये. ग्राहक २९० रुपये देतो. कागदावर नगामागे ३० रुपये आणि वर्षाला ६ लाख नफा दिसतो. आता तशाच शेडचे बाजारभाडे वर्षाला ६ लाख आहे आणि भांडवलाला अन्यत्र दहा टक्के मिळू शकतात, असे समजा. येथे पहिली चूक होते. घाईत माणूस ६५ लाखांवर साडेसहा लाख व्याज धरतो, वर सहा लाख भाडे धरतो आणि नगामागे साडेबासष्ट रुपये वाढवून बसतो. शेडमधल्या २५ लाखांचा मोबदला भाड्यातच आलेला आहे, तो व्याजात पुन्हा मोजला गेला. शिवाय भाडे धरले की शेडचा घसारा आणि कर वेगळे उभे राहत नाहीत, कारण घरमालक ते भाड्यातूनच वसूल करतो. हिशेब नीट केला तर भाड्याचे ६ लाख वजा १ लाख, म्हणजे ५ लाख, आणि ४० लाखांवरचे ४ लाख व्याज, असे ९ लाख वाढतात. नगामागे ४५ रुपये, एकूण ३०५. म्हणजे २९० रुपयांना माल देणारा मालक शेड भाड्याने देऊन आणि पैसे गुंतवून जे मिळवू शकला असता, त्याहून वर्षाला ३ लाख कमी मिळवतो आहे. ताळेबंदात हे कुठेच दिसत नाही, कॉस्ट शीटमध्ये दिसायला हवे.

दुहेरी मोजणी टाळण्याचा हा नियम आपल्या शेतीच्या हिशेबात फार पूर्वीपासून आहे. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या ‘सी-टू’ खर्चात स्वतःच्या जमिनीचे भाडे जमीन महसूल वजा करून धरतात आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचे व्याज जमीन वगळून धरतात. शेडच्या उदाहरणातल्या दोन्ही वजावटी याच आहेत. २०१८-१९च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून हमीभावासाठी दीडपट धरण्याचा पाया मात्र ‘ए-टू’ अधिक कुटुंबाची मजुरी हा राहिला, म्हणजे घरच्या श्रमाची काल्पनिक रक्कम आत आणि जमिनीचे भाडे व भांडवलाचे व्याज बाहेर. कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या दराचा वाद बऱ्याच अंशी याच दोन ओळींचा वाद आहे.

आता वहीकडे येऊ. या कारखान्याने ९ लाख रुपये उत्पादन उपरिव्ययाला नावे टाकले आणि काल्पनिक खर्चाच्या खात्याला जमा केले, ते खाते वर्षअखेर परिव्यय नफा-तोट्यात मिटवले. वर्षात २०,००० पैकी १८,००० नग विकले आणि २,००० शिल्लक राहिले. सोपेपणासाठी आरंभीचा साठा आणि विक्रीखर्च नाही असे धरू. परिव्यय वहीप्रमाणे विकलेल्या मालावर नगामागे १५ रुपये, म्हणजे २ लाख ७० हजार तोटा. त्यात ९ लाख मिळवले की ६ लाख ३० हजार नफा येतो. वित्तीय वहीत मात्र १८,००० नगांवर ३० रुपयांप्रमाणे ५ लाख ४० हजार नफा आहे. हे ९० हजार कुठून आले? २,००० नगांच्या साठ्यात प्रत्येकी ४५ रुपयांचे न दिलेले भाडे आणि व्याज बसून राहिले, आणि विक्री न होताच ते नफा म्हणून जमा झाले. ताळमेळ पत्रकात ‘काल्पनिक खर्च मिळवा’ आणि ‘अखेरच्या साठ्याचे जादा मूल्यांकन वजा करा’ या दोन ओळी दूरदूर लिहिल्या जातात, त्यामुळे दुसरी ओळ पहिलीच्याच पोटातून आली हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. ताळमेळ जुळत नसेल तर पहिली तपासणी तिथे करावी. काल्पनिक खर्च साठ्याच्या किमतीत मिसळू न देण्याची वाट आपल्या व्यवसायाच्या मानकांनीही घेतली आहे: व्याज व वित्तपुरवठ्याच्या खर्चावरील सतरावे मानक काल्पनिक रक्कम आत घेऊ देत नाही.

यावर आक्षेप येतो, तो असा की भांडवलावरचा मोबदला म्हणजेच नफा, त्याला खर्च म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मी ही रक्कम उत्पादनखर्चाच्या बेरजेखाली वेगळी दाखवावी असे म्हणतो, २६० आणि ३०५ हे दोन्ही आकडे वाचणाऱ्यापुढे ठेवून. पण हा आक्षेप मान्य केला तरी तुलनेचा प्रश्न उरतो. स्वतःच्या शेडमधला कारखाना आणि भाड्याच्या शेडमधला कारखाना यांचे कामकाज सारखेच असले, तरी या ओळीशिवाय पहिला कायम स्वस्त दिसेल, कार्यक्षमतेमुळे नव्हे, मालकीमुळे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: दर कोण ठरवणार? दहा टक्के की बारा? येथे दर निवडणाऱ्याने आधार लिहून ठेवावा, शेजारच्या कोणत्या शेडचे, कोणत्या वर्षाचे भाडे, कोणत्या मुदतीच्या ठेवीचा दर. आधार लिहिता येत नसेल तर रक्कम धरू नये.

आणि एक मर्यादा आहे, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शेड खरोखरच भाड्याने देता येते का? औद्योगिक विकास महामंडळाच्या भूखंडावर पोटभाडेकरू ठेवायला परवानगी लागते. ती मिळण्याची शक्यता नसेल, तर बाजारभाडे हा त्या मालकाचा गमावलेला पैसाच नाही. तसेच यंत्रे या हंगामात रिकामी असतील आणि २९० रुपयांची जादा ऑर्डर आली, तर ३०५चा आकडा पुढे करून ती नाकारणे चूक ठरेल. तिथे बघायचे ते त्या ऑर्डरसाठी हातातून जाणारे पैसे, आणि शेडचे भाडे त्यात येत नाही. तोच मालक दुसरी शेड बांधायला निघाला, की मात्र त्याच्यापुढे ३०५ ठेवला पाहिजे.