जुना राऊटर, नवं फर्मवेअर : आधी खालचं लेबल वाचा



अभ्यासिकेला कुणीतरी दोन जुने राऊटर दिले आहेत. एक आर्चर सी७, दुसरा डब्ल्यूआर८४१एन. "दोन्ही चालतात, मग लावून टाकू," असं मागच्या बैठकीत ठरत होतं. मीच म्हणालो, थांबा.

राऊटर चालतो, पण त्यातलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, शिळं झालेलं असतं. काही वर्षांनी कंपनी नवे अपडेट देत नाही. नंतर सापडलेली भोकं तशीच राहतात. अशा भोकातून कुणी आत शिरला, तर तो डीएनएस बदलून आपल्याला बनावट साइटवर नेऊ शकतो. इथे मुलं शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, आधार क्रमांक टाकतात. म्हणून हा खटाटोप.

यावर एक उपाय म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी. लिनक्सवर आधारलेलं, मुक्त स्रोताचं फर्मवेअर. २००४च्या सुमारास सुरू झालेला हा प्रकल्प आजही अपडेट देतो. पण प्रत्येक राऊटरला नाही, आणि खरी गोष्ट इथेच आहे. दोन्ही राऊटर उलटे करून पाहा. लेबलवर नावापुढे 'Ver' असतं. तो आकडा नावाइतकाच महत्त्वाचा.

आपला सी७ आहे व्हर्जन २. त्यात १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम आहे, एवढी जागा पुरते. हाच व्हर्जन १ असता, तर त्यातल्या जुन्या चिपमुळे ओपनडब्ल्यूआरटीवर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय चाललंच नसतं. बाहेरून पाहिलं तर दोघे सारखेच.

आता कृती. प्रकल्पाच्या साइटवर आपल्या मॉडेलचं आणि व्हर्जनचं पान उघडायचं. पहिल्यांदा टाकायची फाइल 'factory' नावाची असते. 'sysupgrade' ही नंतरच्या अपडेटसाठी. उतरवलेली फाइल तपासायची. विंडोजवर असं :

```
certutil -hashfile factory.bin SHA256
```

इथे factory.bin च्या जागी आपल्या फाइलचं नाव. येणारा लांबलचक आकडा साइटवरच्या आकड्याशी जुळला तरच पुढे जायचं. मग राऊटरला केबलने जोडायचं, वायफायवरून नाही, आणि जुन्या फर्मवेअरच्या अपडेटच्या पानावरून ही फाइल द्यायची. त्या चार-पाच मिनिटांत वीज गेली तर पंचाईत, म्हणून राऊटर इन्व्हर्टरवर ठेवा.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी घाबरलो होतो. सगळं झालं, पण वायफाय दिसेना. राऊटर मेला असं समजून अर्धा तास रिसेट दाबत बसलो. तो ठणठणीत होता! ओपनडब्ल्यूआरटीत सुरुवातीला वायफाय बंदच असतं आणि पासवर्डही नसतो. केबल लावून 192.168.1.1 उघडायचं, आधी पासवर्ड घालायचा, मग देश भारत निवडून वायफाय सुरू करायचं.

खरंच अडकला तरी सी७ला परत आणता येतं. संगणकाचा पत्ता 192.168.0.66 ठेवायचा, टीएफटीपी सर्व्हर चालू करायचा, factory फाइलला ArcherC7v2_tp_recovery.bin हे नाव द्यायचं आणि रिसेट दाबून ठेवून राऊटर चालू करायचा. तो ती फाइल स्वतःच मागून घेतो. ही सोय प्रत्येक मॉडेलला नसते. नसेल तर डबा उघडून सोल्डरिंग करावं लागू शकतं. म्हणून परतीचा रस्ता आधी वाचा.

अपडेटखेरीज आपल्याला आणखी एक फायदा होईल. एकाने मोठी फाइल चढवायला घेतली की बाकीच्यांचे तास अडखळतात. 'एसक्यूएम' हे पॅकेज ती रांग शिस्तीत लावतं. आपली लाइन ५० एमबीपीएसची आहे, तर त्यात ४५ लिहायचे. थोडा वेग सोडायचा, पण सगळ्यांचं काम चालतं.

मात्र लाइन ३००ची असती, तर मी हा उद्योग केला नसता. मूळ फर्मवेअर या राऊटरमध्ये डेटा पुढे ढकलण्याचं काम खास हार्डवेअरकडून करून घेतं. ओपनडब्ल्यूआरटीत ते सगळं एकट्या ७२० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर पडतं, आणि वेग घसरतो.

दुसरा राऊटर, ८४१एन व्हर्जन ९, त्यात ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅम. त्याला चालणारी शेवटची अधिकृत आवृत्ती १९.०७, आणि तिचे अपडेट २०२२मध्ये थांबले. म्हणजे मेहनत करून पुन्हा शिळंच फर्मवेअर. त्याच्या नादी लागू नका.

घरी इंटरनेट कंपनीने दिलेला फायबरचा डबा असेल, तर त्यालाही हात लावू नका. तो बहुधा कंपनीच्या मालकीचा असतो, आणि बिघडला तर लाइनच बंद.

८४१एनचं वायफाय आणि डीएचसीपी बंद करून, त्याचा पत्ता बदलून, मागचे चार पिवळे पोर्ट आपण संगणकांना केबल जोडायला वापरू. सी७चं काम रविवारी, अभ्यासिका बंद झाल्यावर. ज्यांना पाहायचं आहे त्यांनी लॅपटॉप आणि एक केबल आणावी.