पुस्तकावर गावाचे नाव नसेल तर



आपल्या घराघरांतील जुनी मराठी पुस्तके आणि पोथ्या यांची यादी करायचे आम्ही ठरवले, तेव्हा नाव, लेखक, गाव, प्रकाशक आणि साल एवढे लिहायचे, यात अवघड ते काय, असे आम्हांला वाटले होते. पहिल्याच पेटीत आम्ही अडलो. अडलो ते गावाच्या रकान्यात. तेव्हा आम्ही काय शिकलो ते आज थोडक्यात सांगतो.

एक उदाहरण घेऊ. आजीच्या देव्हाऱ्यातले ‘शिवलीलामृत’ आहे. ग्रंथकर्ता श्रीधर, हे आपल्याला ठाऊक आहे. पण मुखपृष्ठ गेले, आतले पहिले पानही गेले. अशा वेळी ‘गाव नाही’ असे लिहून पुस्तक मिटू नये. आधी शेवटचे पान उघडावे. भारतात १८६७ साली झालेल्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर छापणाऱ्याचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले. पुस्तक प्रसिद्ध केलेले असेल तर प्रकाशकाचे नाव व ठिकाणही. म्हणून त्यानंतरच्या पुस्तकात यांपैकी काहीतरी पहिल्या पानामागे, शेवटी किंवा मलपृष्ठावर सापडण्याची आशा असते.

समजा, शेवटच्या पानावर एवढेच आहे: मुंबई, निर्णयसागर छापखाना, शके १८२२. हात शिवशिवतो की गावाच्या रकान्यात ‘मुंबई’ लिहून टाकावे. येथेच चूक होते. छापखाना म्हणजे प्रकाशक नव्हे. पुण्याचा किंवा दुसऱ्या गावचा पुस्तकविक्रेताही आपले पुस्तक मुंबईत छापून घेऊ शकत होता. म्हणून आम्ही असे लिहितो:

श्रीधर. शिवलीलामृत. [मुंबई?]: [प्रकाशक अज्ञात], शके १८२२ [१९००–०१]. छपाई: निर्णयसागर, मुंबई.

चौकटी कंसाचा अर्थ असा, की हे पुस्तकावर छापलेले नाही, आम्ही लिहिले आहे. प्रश्नचिन्हाचा अर्थ, हा अंदाज आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. शकवर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून शेवटचे काही महिने पुढच्या सनात जातात. अंदाजालाही काही आधार नसेल, तर [स्थळ नाही] एवढेच लिहावे.

आता आपल्या बेटावरची पुस्तिका घ्या. मंदिराच्या मंडळाने आरत्या छापल्या, वर मंडळाचे नाव आहे, पण गाव नाही. खाली पोर्ट लुईच्या एका एँप्रिमेरीचे नाव आहे. एँप्रिमेरी म्हणजे छापखानाच. पोर्ट लुई हे प्रकाशनाचे गाव ठरत नाही. मंडळ वाक्वाचे आहे हे त्याच पुस्तिकेतील प्रस्तावनेवरून कळत असेल, तर [वाक्वा] लिहावे, प्रश्नचिन्ह नको. कोणी वडीलधाऱ्यांनी आठवणीतून सांगितले असेल, तर प्रश्नचिन्ह ठेवावे आणि कोणी, केव्हा सांगितले ते टिपावे.

दुसरी अडचण उलटी असते: गावे जास्त. एकाच प्रकाशकाच्या नावाखाली ‘मुंबई, पुणे, नागपूर’ छापलेले असते. त्या बहुधा त्याच्या शाखा असतात. अशा वेळी पहिले गाव लिहिले की पुरे. पण नावेच दोन असतील, म्हणजे पुण्याचे एक प्रकाशन आणि येथले एक मंडळ मिळून पुस्तक काढले असेल, तर दोघांनाही आपापल्या गावासह लिहावे, मध्ये अर्धविराम द्यावा:

पुणे: (प्रकाशनाचे नाव); वाक्वा: (मंडळाचे नाव).

येथे पहिलेच नाव ठेवले, तर आपल्या मंडळाचे काम यादीतून पुसले जाते. मात्र दुसऱ्या नावाआधी ‘प्राप्तिस्थान’ किंवा ‘विक्रेते’ असे लिहिलेले असेल, तर ते प्रकाशक नव्हेत. पुस्तक तेथे विकत मिळत असे, एवढेच.

आपली शिकणारी मुले म्हणतील, आता गाव लिहीतच नाहीत. विद्यापीठांत चालणाऱ्या एपीए पद्धतीच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीने गाव खरेच वगळले, आणि दोन प्रकाशक असतील तर मध्ये अर्धविराम देऊन दोन्ही नावे ठेवली. निबंधात मुलांनी तसेच करावे. पण आपल्या यादीत गाव हवे, कारण कोणती पोथी भारतातून आली आणि कोणती येथे निघाली, हे त्याच रकान्यातून कळणार आहे. अंदाजाने कंसाशिवाय ‘पोर्ट लुई’ लिहिले, तर पुढची पिढी ते खरे मानून चालेल, आणि तोवर वाळवीने ते पान खाल्ले असेल.

तेव्हा घरी गेल्यावर पोथीचे शेवटचे पान उघडून पाहा. जे छापले आहे ते जसेच्या तसे उतरवा आणि आपले म्हणणे कंसात ठेवा.