चांदीचा काळेपणा आणि खायचा सोडा

दिवाळीच्या आधी आम्ही पाचजणींनी आपापल्या घरची काळी पडलेली चांदी एकत्र आणली आणि एका दुपारी साफ करायला बसलो. पैंजण, निरांजनं, सहा चमचे, एकीच्या मडगावच्या माहेरचे काटे-सुऱ्या आणि एकीच्या आईचा लक्ष्मीचं पदक असलेला हार. त्या हाराचं काय झालं, ते पुढे सांगतोच.

चांदीवरचा काळेपणा हा मळ नसतो. हवेतलं, अंड्यातलं, कांद्यातलं, रबरातलं गंधक चांदीशी जुळतं आणि वर काळा थर बसतो. आमचे चमचे रबर बँड लावून ठेवले होते, तर बँड होता तिथे काळी रेघ उमटली होती. पावडरीने घासलं की हा थर निघतो, पण त्याच्याबरोबर थोडी चांदीही जाते. सोड्याच्या पद्धतीत गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी बरीचशी जागच्या जागी राहते.

आधी चमचे साबणाने धुऊन घ्या, कारण तेलकट हातांचा थर राहिला तर पाणी चांदीपर्यंत पोचत नाही. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तळाला पोळ्या गुंडाळायची फॉइल पसरा. चकचकीत बाजू वर की खाली, याने काही फरक पडत नाही. त्यावर चमचे असे ठेवा की प्रत्येक चमचा फॉइलला टेकलेला असेल. वरून दोन मोठे चमचे खायचा सोडा टाका आणि लिटरभर कढत पाणी हळूहळू ओता. पाणी फसफसतं, म्हणून भांडं मोठं घ्या. खिडकीही उघडी ठेवा, कारण सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो आला की समजा, काम चालू आहे. फॉइल हळूहळू काळपट होते.

आमचे पाच चमचे तीन-चार मिनिटांत उजळले. सहावा काळाच राहिला. तो दुसऱ्या चमच्यावर आडवा पडला होता, फॉइलला टेकलाच नव्हता. सरळ केला, पाणी पुन्हा कढत घेतलं आणि तोही उजळला. नंतर साध्या पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने कोरडे केले. जाड थर होता तिथे चांदी जरा पांढुरकी, निस्तेज दिसली. हलक्या हाताने कापड फिरवल्यावर झळाळी आली. ओरखडे मात्र होते तसेच राहिले.

एवढं छान जमल्यावर आम्हाला चेव आला आणि तो हारही आम्ही त्याच पाण्यात सोडला. दोन मिनिटांत बाहेर काढला तर पदकावरची लक्ष्मी सपाट दिसायला लागली. साडीच्या चुण्या, कमळाच्या पाकळ्या, सगळं एकसारखं पांढरं. कारागिराने नक्षी उठून दिसावी म्हणून खोबणीत मुद्दाम काळेपणा आणला होता. ज्याला आपण ऑक्सिडाइज्ड म्हणतो, तोही गंधकानेच आणलेला असतो. नको असलेला काळेपणा आणि हवा असलेला काळेपणा सोड्याला एकच.

म्हणून पाण्यात टाकण्याआधी दागिना उजेडात धरा. काळेपणा उंच भागांवरही पसरलेला असेल, तर तो नुसता चढलेला असण्याची शक्यता जास्त. उंच भाग लखलखीत आणि फक्त नक्षीच्या खोबणी एकसारख्या काळ्या असतील, तर थांबा. शंका असली तरी थांबा. नुसत्या कोरड्या मऊ कापडाने उंच भाग पुसा, खोबणीत शिरू नका.

मोती, प्रवाळ, चिकटवलेले खडे किंवा आत लाख भरलेले दागिनेही कढत पाण्यात नकोत. लाख मऊ होते, खडा सुटतो. मडगावच्या सुऱ्यांचं हेच झालं असतं. जुन्या सुऱ्यांची मूठ पुष्कळदा पोकळ असते आणि पातं आत राळेसारख्या पदार्थाने बसवलेलं असतं. घरातल्या एका वयस्कर बाईंनी वेळेवर हटकलं, म्हणून सुऱ्या वाचल्या. त्या आम्ही कापडानेच पुसल्या. काटे एकसंध होते, ते चमच्यांसारखेच निघाले.

आणखी एक. चांदीचा मुलामा उडून खालचं पितळ दिसत असेल, तर सोडा ते झाकणार नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी नसतेच, तिथे या उपायाचा उपयोग नाही.

हार सोनाराकडे नेला. त्याने गंधकाच्याच द्रावणात बुडवून तो काळा केला आणि उंच भाग पुसून घेतले. लक्ष्मी पुन्हा दिसते आहे. पण पदकाच्या कडेची नाजूक वेल आईच्या हारात जशी दिसायची, तशी नाही. हार जिचा आहे, तिने तो परत घेतला आणि आम्हाला काही बोलली नाही.