भाग : "तेव्हा नाही जमणार" म्हटल्यावर पुढची ओळ काय लिहायची?

नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून देतेय. बोलताना जे अडखळले ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय अगदी छोटा आहे. क्लायंटने मीटिंगसाठी एक वेळ मागितली, ती आपल्याला जमत नाही, मग त्याला दुसऱ्या तीन वेळा कशा द्यायच्या? तुम्ही म्हणाल, यात काय सांगायचंय. मलाही तसंच वाटायचं. मग २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एक मंगळवार आला.

मी पुण्यात बसते, आमचा क्लायंट शिकागोत. त्यांच्या बिलिंग स्क्रीनमध्ये आम्ही काही बदल केले होते आणि ते बघून त्यांनी होकार द्यायचा होता. होकार मिळाल्याशिवाय १२ नोव्हेंबरचं रिलीज जाणार नव्हतं. ३० ऑक्टोबरला, गुरुवारी, त्यांचा मेल आला की सोमवारी सकाळी बोलू या का. सोमवारी मला जमत नव्हतं. मी काय लिहिलं ते मराठीत सांगते : "सोमवारी शक्य नाही. मंगळवारी तुमच्या सकाळी ९ ला चालेल, म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसात. नाहीतर बुधवारी संध्याकाळी कधीतरी, किंवा नंतर केव्हाही."

बघा, मोजायला गेलं तर पर्याय तीनच आहेत! पण खरा स्लॉट त्यात एकच. "बुधवारी संध्याकाळी" म्हणजे कोणाच्या संध्याकाळी? आणि "केव्हाही" म्हणजे तर काहीच नाही, समोरच्यानेच आता कॅलेंडर उघडून शोधत बसायचं. साहजिकच त्यांनी जो एकमेव नीट दिसत होता तो उचलला : "मंगळवार चालेल." मी मनात नोंद केली आणि कॅलेंडरचं इन्व्हाइट पाठवलंच नाही. मेलवर ठरलंय ना, मग झालं.

मंगळवारी, ४ तारखेला, साडेसातला मी कॉलवर. कोणी नाही. आठ वाजले तरी कोणी नाही. आठ पाचला मी बंद करून उठले, मनात थोडी चिडचिड. जेवताना नऊच्या सुमारास फोन बघितला तर साडेआठचा मेसेज : "मी कॉलवर आहे, तुम्ही कुठे आहात?"

घोळ कुठे झाला ते सांगते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. आपल्याकडे हा प्रकार नाही. २०२५ मध्ये तो रविवार २ नोव्हेंबरला होता. म्हणजे मी मेल लिहिला तेव्हा शिकागोचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात हे खरं होतं. पण मीटिंगच्या दिवशी तेच ९ म्हणजे आपले साडेआठ झाले होते. मी मेल पाठवायच्या दिवसाचा हिशोब केला, मीटिंगच्या दिवसाचा नाही. चूक पूर्ण माझी.

आणि आता गंमत बघा. त्यांचा पुढचा मेसेज : "ठीक आहे, मग गुरुवारी सकाळी ९ ला?" गुरुवारी रात्री ८ ते १० माझं दुसऱ्या प्रोजेक्टचं डिप्लॉयमेंट, ते हलणं शक्य नव्हतं. ज्याला आत्ताच ताटकळत ठेवलं त्यालाच पुन्हा नाही म्हणायचं! मी आमच्या लीडला फोन केला. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. तो म्हणाला, "अगं, नाही म्हणायला घाबरू नकोस. पण त्यांना पुन्हा विचार करायला लावू नकोस. असं लिही की त्यांना फक्त एक आकडा टाइप करायला लागेल."

मग आम्ही बसून तो मेल तयार केला. मूळ मेल इंग्रजीत होता, मराठीत वाचून दाखवते :

"आज माझ्या चुकीमुळे तुम्हाला थांबावं लागलं, माफ करा. मी तुमच्याकडचा घड्याळाचा बदल धरला नव्हता. गुरुवारी सकाळी ९ ला मी दुसऱ्या कामात आहे. ४५ मिनिटांसाठी या तीन वेळा मी राखून ठेवल्या आहेत, सगळ्या शिकागोच्या वेळेप्रमाणे :
१. गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळी ११:०० (पुणे : गुरुवार रात्री १०:३०)
२. शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सकाळी ९:०० (पुणे : शुक्रवार रात्री ८:३०)
३. सोमवार, १० नोव्हेंबर, सकाळी ८:०० (पुणे : सोमवार संध्याकाळी ७:३०)
नुसता आकडा कळवा, मी लगेच इन्व्हाइट पाठवते. उद्या, बुधवारी, तुमच्या दुपारी १२ पर्यंत या वेळा तुमच्यासाठी आहेत."

आता हे तीनच का, आणि हेच का?

पहिला आहे त्यांनी मागितलेला दिवस, पण वेळ वेगळी. दुसरा आहे त्यांनी मागितलेली वेळ, पण दिवस वेगळा. तिसऱ्यात दोन्ही वेगळं. यामागचा विचार असा की समोरच्याने "गुरुवार सकाळी ९" का मागितलं हे आपल्याला माहीत नसतं. कदाचित त्यांना गुरुवारच हवा असेल, कारण शुक्रवारी त्यांच्या वरिष्ठांना उत्तर द्यायचंय. कदाचित दिवसाचं काही नाही, पण मुलांना शाळेत सोडून आल्यावर नऊलाच मोकळीक मिळत असेल. गुरुवारीच ११, साडेअकरा आणि १२ असे तीन दिले असते तर दिसायला तीन, पण गुरुवार हुकला की तिन्ही एकदम बाद. आणि तिसरा स्लॉट मंगळवार, ११ नोव्हेंबरला का नाही? एक तर रिलीजच्या आदल्या दिवशी होकार घेऊन काही बदल निघाला तर करायचा कधी? दुसरं, ११ नोव्हेंबरला अमेरिकेत व्हेटरन्स डे असतो, सरकारी सुट्टी. खाजगी कंपन्या चालू असतीलही, पण न विचारता तो दिवस कशाला द्यायचा?

तीनपेक्षा जास्त का नाही, तर "राखून ठेवल्या आहेत" हे खरं असावं लागतं म्हणून. मेल पाठवायच्या आधी मी तिन्ही वेळा माझ्या कॅलेंडरमध्ये ब्लॉक केल्या. न केल्या तर काय होतं? रात्री तुम्ही झोपता, सकाळी दुसऱ्या टीमचा कोणीतरी शुक्रवारचा रिकामा चौकोन बघून तिथे मीटिंग टाकतो, आणि तेवढ्यात क्लायंटचं उत्तर येतं, "२". आता तिसऱ्यांदा नाही म्हणा! पण सहा-सात वेळा ब्लॉक करून ठेवल्या तर टीममधल्या कोणाला तुमचा वेळच मिळत नाही. तीन झेपतात. आणि म्हणूनच शेवटची मुदत लिहायची. उत्तर आलं की उरलेले दोन ब्लॉक लगेच काढायचे, हे मात्र विसरू नका. मी एकदा विसरले आणि आठवडाभर टीमला वाटत होतं ही बाई फार बिझी.

वेळ लिहिताना क्लायंटची आधी, आपली कंसात. आणि "सीएसटी" असं लिहू नका. आपल्याला ते वाचून मुंबईचं स्टेशन आठवतं ते सोडा, पण चीनच्या प्रमाणवेळेलाही सीएसटीच म्हणतात. "आयएसटी"चंही तसंच, इस्रायल आणि आयर्लंडचे लोक आपापल्या वेळेला तेच म्हणतात. सरळ शहराचं नाव लिहा, शिकागो, पुणे. घोळच नको.

वार दोन्हीकडचा लिहायचा, कारण तो बदलू शकतो. समजा मी सकाळी लवकर उठून बोलायला तयार आहे आणि लिहिलं, "बुधवारी सकाळी साडेसहा". हिवाळ्यात ते शिकागोत मंगळवारचे संध्याकाळचे ७ असतात. आणि आपली सोमवारची सकाळ म्हणजे त्यांची रविवारची संध्याकाळ, तो स्लॉट देणं म्हणजे न देण्यासारखंच.

हिशोब डोक्यात करू नका. मी आता लिनक्सवर ही कमांड चालवते. मीटिंगची तारीख टाकायची, आजची नाही :

```
TZ="Asia/Kolkata" date -d 'TZ="America/Chicago" 2025-11-06 09:00'
```

उत्तरात त्या दिवशीचे आपले रात्रीचे साडेआठ येतात. मॅकवरची मूळ `date` कमांड हे `-d` समजत नाही, तिथे कॅलेंडरमध्येच इव्हेंटचा टाइमझोन शिकागो ठेवून बघा. फोनच्या वर्ल्ड क्लॉकवर मात्र विसंबू नका, ते आत्ताचा फरक दाखवतं. पुढच्या आठवड्यात तो बदलणार असेल तर ते तुम्हाला सांगत नाही. माझं नेमकं तेच झालं होतं.

आणि तिन्ही वेळा त्यांना जमल्या नाहीत तर? पुन्हा नवीन तीन पाठवत बसू नका. मग त्यांनाच विचारा की या आठवड्यात तुम्हाला सोयीच्या दोन वेळा सांगा, त्यातली एक मी माझ्याकडून जमवते. आणि खरंच जमवा, त्यासाठी एखादी आतली मीटिंग हलवावी लागली तरी. बुकिंगची लिंक पाठवणं हाही मार्ग आहे, नवीन ओळखीत मी तीच वापरते. पण ज्याला आपण ताटकळत ठेवलं त्याला "ही लिंक, तुमचं तुम्ही बघा" म्हणणं बरं दिसत नाही.

तर त्या रात्री साडेनऊला मेल पाठवला. बारा मिनिटांनी उत्तर आलं. पूर्ण मेलमध्ये एकच अक्षर होतं : 2.

मी इन्व्हाइट पाठवलं, गुरुवारचा आणि सोमवारचा ब्लॉक काढला. शुक्रवारी साडेआठला मी पाच मिनिटं आधीच कॉलवर होते. ते साडेआठला आले, हसले आणि म्हणाले, "आज आपण दोघं एकाच तासात आहोत ना?" ४५ मिनिटांचा कॉल तीस मिनिटांत संपला, दोन छोटे बदल सांगितले आणि होकार दिला. रिलीज १२ तारखेलाच गेलं.

तुमचा असा घड्याळाचा घोळ झालाय का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत, काळजी घ्या. भेटू!