दुकानातला हट्ट आणि आपला ‘नाही’
(गोवंडी येथील पालकांच्या बैठकीत केलेले भाषण)



शिवाजीनगर किंवा बैंगनवाडीतल्या कोणत्याही किराणा दुकानासमोर उभे राहा. वेफर्सच्या पाकिटांच्या माळा अगदी दारात लटकलेल्या असतात आणि चॉकलेटच्या बरण्या लहान मुलाच्या डोळ्यांसमोर मांडलेल्या असतात. तीन वर्षांच्या मुलाने तिथे हात पुढे करणे यात नवल काही नाही. प्रश्न पुढचा आहे. आपण ‘नाही’ म्हणतो, मूल जमिनीवर लोळण घेते, लोक बघू लागतात, आणि पाचव्या मिनिटाला आपण पाच रुपये काढून देतो.

त्या पाच रुपयांत मूल काय शिकते? रडल्यावर मिळत नाही, पण खूप रडल्यावर मिळते. माणूस असो की प्राणी, एखादी गोष्ट प्रत्येक वेळी मिळण्याऐवजी अधूनमधून मिळाली तर ती मिळवण्याची सवय जास्त चिवट होते, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवले. म्हणून चार वेळा ठाम राहून पाचव्या वेळी हार मानणे हे सगळ्यात महाग पडते.

समजा, अम्मी तीन वर्षांच्या मुलाला घेऊन कांदे, बटाटे आणि तेल आणायला निघाली आहे. तिने काय करावे?

निघण्याआधी त्याला काहीतरी खायला द्यावे. भुकेले किंवा झोपेला आलेले मूल हट्ट करत नसते, ते थकलेले असते. मग एकदाच स्पष्ट सांगावे, “आज कांदे, बटाटे, तेल. वेफर्स नाही. पिशवीतला बटाटा तू धरायचा.” हाताला काम असले की डोळे थोडे कमी भटकतात.

दुकानात त्याने मागितलेच, तर आधी स्वतःच्या मनात ठरवावे. द्यायचे असेल तर रडण्याआधीच, आनंदाने द्या. द्यायचे नसेल तर एकदा ‘नाही’ म्हणा आणि तो शब्द बदलू नका. रडणे सुरू झाल्यावर समजावणे, धमकावणे, मारणे काहीच उपयोगाचे नाही, कारण त्या वेळी मूल ऐकण्याच्या स्थितीत नसते. त्याच्या उंचीला बसा, हळू आवाजात एकच वाक्य म्हणा, “तुला हवं होतं, राग आला. आज नाही.” मग गप्प राहा. लहान मुलांचे असे बहुतेक थयथयाट पाच मिनिटांच्या आत ओसरतात. आधी राग उतरतो, मग नुसते रडू उरते. त्या रडण्याच्या वेळी जवळ घ्या. जवळ घेणे म्हणजे हार मानणे नव्हे. पाकीट देणे म्हणजे हार.

आपल्या गल्ल्यांत हातगाड्या, रिक्षा, टेम्पो असतात. मूल रस्त्यावर लोळले तर लगेच उचलून कडेला न्या. शांत झाले की परत दुकानात येऊन सामान घ्या. तसेच घरी निघून गेलात, तर बाजार टाळायचा उपाय त्याला सापडतो.

सगळ्यात अवघड असतात ते आजूबाजूचे लोक. कोणीतरी म्हणतेच, “दे दो ना, बच्चा है.” त्यांना एवढेच सांगा, “चाचा, दो मिनट में चुप हो जाएगा.” दुकानदाराला मोकळ्या वेळी सांगून ठेवा की सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट देऊ नका. आणि घरात दादी, अब्बू, मामू सगळ्यांनी एकच नियम पाळावा. अम्मीचा ‘नाही’ दादीच्या पदराआड ‘हो’ होत असेल, तर पुन्हा तोच अधूनमधून मिळण्याचा खेळ सुरू होतो.

आता एक इशारा. आजवर जे रडून मिळत होते ते बंद झाले की पहिले काही दिवस हट्ट कमी होत नाही, वाढतो. जास्त मोठ्याने, जास्त वेळ. इथेच बहुतेक घरे सोडून देतात आणि म्हणतात, ‘आमच्या मुलावर हे चालत नाही.’ खरे तर मूल जुना उपाय अजून जोर लावून तपासत असते. मोबाईलवर वेळ पाहून ठेवा. समजा आज आठ मिनिटे, परवा बारा, पुढच्या आठवड्यात चार, तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात.

‘घरी गेल्यावर देते’ असे म्हणून गप्प करू नका. एका बाईने आपल्या मुलाला काही देते म्हणून बोलावले, तेव्हा पैगंबरांनी (स.) तिला काय देणार ते विचारले. ती खजूर म्हणाली. काही दिले नसते तर ते खोटे ठरले असते, असे त्यांनी सांगितले. अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. ‘हो’ खरा असेल तरच ‘नाही’सुद्धा मुलाला खरा वाटतो.

मात्र प्रत्येक आकांत हट्ट नसतो. रडताना श्वास रोखून मूल निळे पडते, स्वतःचे डोके आपटते, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही, हाक मारल्यावर बघत नाही, किंवा बाजाराच्या आवाजानेच घाबरते, तर शिस्त बाजूला ठेवा. अंगणवाडीत सांगा, शताब्दी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. श्वास रोखण्यामागे कधी कधी रक्तात लोह कमी असते, आणि त्यावर औषध आहे.

बाकी घरांनी आज एवढेच करावे. रात्री जेवताना सगळ्यांनी मिळून ठरवावे की कोणत्या दिवशी खाऊ मिळेल आणि किती रुपयांचा. शुक्रवार ठरला तर शुक्रवारी न मागता द्या, आणि बाकी सहा दिवस सगळ्यांचे उत्तर एकच असू द्या.